प्रमोशन पॅनलसाठी बायो: दोन वर्षांचं काम एका पानात

प्रमोशनचा फॉर्म भरताना एक रकाना येतो: 'गेल्या दोन वर्षांतल्या योगदानावर भर देऊन स्वतःची थोडक्यात ओळख लिहा.' शब्दमर्यादा बहुधा दोनशे ते चारशेच्या मधे कुठेतरी असते. पहिल्यांदाच हा रकाना भरणारी माणसं सहसा दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर जुना बायोडेटा उघडून त्यातला वरचा परिच्छेद इथे आणून टाकतात, नाही तर अप्रेझलमधलं स्वमूल्यमापन जसंच्या तसं चिकटवतात. पॅनलपुढे दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही.

का होत नाही, हे कळायला पॅनलच्या खोलीत काय घडतं ते माहीत असलेलं बरं. मी अशा पॅनलवर बसलो आहे. टेबलाभोवती चार-पाच जण असतात. तुमचं काम जवळून पाहिलेला त्यांत फार तर एक, आणि कधी तोही नसतो. एका बैठकीत दहा-पंधरा उमेदवारांचे कागद असतात. तुमचा कागद वाचून होतो आणि कोणीतरी विचारतं, "हो, पण नक्की काय केलं यांनी?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता. दुसरंच कोणीतरी तुमच्या वतीने दोन-तीन वाक्यं बोलतं, आणि ती वाक्यं त्याला तुमच्या बायोतूनच उचलावी लागतात. म्हणून लिहायचं ते असं, की तुम्हाला न ओळखणारा माणूसही ते वाचून तुमच्याबद्दल तीन ठोस गोष्टी न अडखळता सांगू शकेल.

बायोडेटा तुमची सगळी कारकीर्द मांडतो. स्वमूल्यमापन वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेल्या उद्दिष्टांचा हिशेब देतं. पॅनलचा प्रश्न वेगळा असतो: हा माणूस वरच्या पदाचं काम आत्ताच, थोडंफार का होईना, करतो आहे का?

आधी तीन गोष्टी हातात घ्या

लिहायला बसण्याआधी एचआरकडून किंवा फॉर्मबरोबर आलेल्या सूचनांमधून तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, शब्दमर्यादा आणि पुरुष. 'मी' लिहायचं की तृतीयपुरुषी, ते विचारून घ्या. दुसरी, दोन वर्षं नेमकी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. हे क्षुल्लक वाटतं, पण नाही. तुमचं सगळ्यात मोठं काम अठ्ठावीस महिन्यांपूर्वी संपलं असेल, तर ते या खिडकीबाहेर आहे आणि त्यावर अर्धा बायो खर्च केलात तर तो अर्धा बायो वाया गेला. काम आधी सुरू होऊन खिडकीत पूर्ण झालं असेल तर चालतं, फक्त सुरुवात केव्हाची ते एका शब्दात सांगा. शेवटच्या तारखेनंतर पूर्ण होणारं काम 'झालं' म्हणून लिहू नका. पॅनलवर कोणी ना कोणी ते ओळखतं आणि मग बाकीच्या वाक्यांकडेही संशयाने बघतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: वरच्या पदाचं लेखी वर्णन. बहुतेक ठिकाणी पदागणिक अपेक्षा लिहिलेल्या असतात, कोणी त्या उघडून बघत नाही इतकंच. तुमचं आत्ताचं पद आणि वरचं पद शेजारी शेजारी ठेवून वाचा आणि फरक शोधा. खालच्या पदाला बहुधा 'दिलेलं काम वेळेत आणि अचूक पूर्ण करतो' अशा अर्थाचं काही असतं. वरच्या पदाला 'स्वतःहून प्रश्न ओळखतो', 'आपल्या टीमबाहेरच्या लोकांकडून काम करवून घेतो', 'इतरांना तयार करतो' असं काहीतरी. हे दोन-तीन फरक कागदावर लिहून समोर ठेवा. कोणतं काम बायोत घ्यायचं ते यांवरूनच ठरणार आहे.

दोन वर्षं परत गोळा करणं

स्मरणशक्तीवर विसंबलात तर गेले चार महिने आठवतात आणि त्याआधीचं सगळं धूसर होतं. म्हणून एक्सेलमध्ये आठ ओळी करा, प्रत्येक तिमाहीला एक. मग ऑफिसच्या कॅलेंडरवरून आणि पाठवलेल्या मेलवरून एकेक ओळ भरत जा. आलेल्या मेलपेक्षा पाठवलेले मेल जास्त कामाचे. आलेल्या मेलमध्ये लोकांनी तुमच्याकडे काय मागितलं ते असतं, पाठवलेल्यांत तुम्ही काय केलंत ते. विशेषतः दुसऱ्या विभागांना तुम्ही आपणहून पाठवलेले मेल बघा. वरच्या पदाचं काम बऱ्याचदा तिथेच लपलेलं असतं.

याच वेळी 'आधीचे' आकडे शोधून ठेवा. काम झाल्यानंतरचा आकडा सगळ्यांकडे असतो. काम सुरू होण्याआधी परिस्थिती काय होती, त्याचा आकडा मात्र कोणी जपून ठेवलेला नसतो. जुने मासिक अहवाल, टीम मीटिंगच्या नोंदी, कोणीतरी चिडून पाठवलेला तक्रारीचा मेल यांत तो सापडतो. नाहीच सापडला तर अंदाजाने बनवू नका. 'आधी याची नोंदच ठेवली जात नव्हती, मोजणी यांनी सुरू केली' हेही सांगण्यासारखं काम आहे. आणि हो, हा सगळा माल गोळा करताना ऑफिसच्या फाइल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. प्रमोशनऐवजी दुसऱ्याच खोलीत बोलावणं यायचं.

तीनच कामं निवडा

आठ ओळींतून वीस-पंचवीस नोंदी निघतील. त्यांतली तीन ठेवायची, फार तर चार. इथे माणसं अडतात, कारण टाकून दिलेल्या प्रत्येक कामामागे जागून काढलेल्या रात्री असतात. पण पॅनल मेहनतीला गुण देत नाही.

मी प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारायला सांगतो. मी नसतो तर हे आपोआप झालं असतं का? माझ्या टीमबाहेर कोणाला याचा फरक पडला का? आणि मी आज बाजूला झालो तर हे टिकेल का? तिन्हींची उत्तरं चांगली आली तर ते काम बायोत जाणार, मग ते दिसायला कितीही लहान असो. ज्या कामासाठी ढाल मिळाली, पण जे कुणीही केलं असतं, ते शेवटच्या ओळीत गेलं तरी चालेल.

एक काम जवळून

आता एक खरं उदाहरण घेतो. ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत, पण मसुदा असाच होता. माझी एक सहकारी व्हेंडरची बिलं पास करणाऱ्या टीममध्ये सीनिअर एक्झिक्युटिव्ह होती आणि असिस्टंट मॅनेजरच्या पदासाठी तिचं नाव गेलं होतं. खिडकी होती जानेवारी 2023 ते डिसेंबर 2024. तिने मला दाखवलेला पहिला मसुदा असा:

> व्हेंडर पेमेंट प्रक्रियेच्या सुधारणेत महत्त्वपूर्ण भूमिका बजावली. विविध विभागांशी समन्वय साधून प्रलंबित बिलांचे प्रमाण 22 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणण्यात आले.

दुसरं वाक्य वाचून तुम्हाला बरं वाटेल, आकडे आहेत म्हणून. मलाही वाटलं होतं. पण 'भूमिका बजावली' म्हणजे काय केलं? 'समन्वय साधला' म्हणजे मेल पाठवले की कोणाचं तरी मन वळवलं? आणि 'आणण्यात आले', ते कोणी आणलं? हे कर्मणी क्रियापद मराठीतला फार सोयीचा पडदा आहे. त्यामागे कोण उभं आहे ते कधीच दिसत नाही. सरकारी परिपत्रकात ते शोभतं, स्वतःच्या बायोत मात्र ते तुम्हालाच पुसून टाकतं.

म्हणून आम्ही दोघं बसलो आणि मी तिला नुसतं घडलं ते सांगायला लावलं. ते असं होतं.

बिल पास व्हायचं तर तीन कागद जुळावे लागतात: परचेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि व्हेंडरचं बिल. एकातही तफावत आली की बिल होल्डवर जातं. मार्च 2023 मध्ये आलेल्या 1,400 बिलांपैकी 310 होल्डवर होती. सगळे म्हणत, गोदामातून जीआरएन उशिरा येतात म्हणून बिलं अडकतात. हिने त्या महिन्याची 310 बिलं एकेक उघडून कारण लिहून काढलं. उशिरा आलेल्या जीआरएनमुळे अडकलेली निघाली 80. जुन्या दरामुळे 60. उरलेली 170 भलत्याच कारणाने अडकली होती: ऑर्डर खोक्यांत दिलेली, माल नगांत मोजून घेतलेला, आणि एका खोक्यात नग किती हे आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या वस्तूंच्या मूळ यादीत, भरलेलंच नाही किंवा चुकीचं भरलेलं. ऑर्डर 10 खोक्यांची, जीआरएन 120 नगांची. माल बरोबर, बिल बरोबर, पण सिस्टिमच्या लेखी 10 आणि 120 जुळत नाहीत.

असे सदोष आयटम 240 निघाले. पण आयटम मास्टर खरेदी विभागाच्या ताब्यात. त्यात बदल करायचा हिला अधिकार नाही, आणि 240 आयटम दुरुस्त करायला त्यांना वेळ नाही. तिने यादी लावली तेव्हा दिसलं की 170 पैकी 110 बिलं फक्त 40 आयटमांमुळे अडकली होती. तेवढे 40 घेऊन ती खरेदी विभागाच्या प्रमुखांकडे गेली. मे महिन्यात त्यांनी ते दुरुस्त केले, जूनमध्ये होल्डवरची बिलं उघड उघड कमी झाली, आणि मग उरलेले 200 त्यांनी सप्टेंबरपर्यंत आपणहून संपवले. नोव्हेंबरमध्ये तिच्या सूचनेवरून आयटीने तो रकाना सक्तीचा केला. एका खोक्यात नग किती हे भरल्याशिवाय आता नवीन आयटम उघडताच येत नाही.

हे ऐकून मी विचारलं, "यातलं मसुद्यात काहीच का नाही?" ती म्हणाली, "दुरुस्ती तर खरेदीवाल्यांनी केली ना. मी फक्त यादी दिली." मधल्या पदावरच्या माणसांचा हा नेहमीचा घोटाळा. स्वतःच्या हाताने केलं तेच आपलं काम, असं ती धरून चालतात. उलट ज्या पदासाठी ती अर्ज करत होती त्याच्या वर्णनात 'आपल्या अधिकाराबाहेरच्या विभागांकडून बदल घडवून आणणे' असं स्पष्ट लिहिलं होतं. तिची ती 'फक्त यादी' म्हणजेच वरच्या पदाचं काम होतं.

आकडा छोटा केला तर

आता त्या 22 आणि 6 टक्क्यांकडे परत येऊ. वर्षभराने, मार्च 2024 मध्ये, 1,500 पैकी 95 बिलं होल्डवर होती. टक्केवारी खरीच होती. पण त्या 95 ची फोड केली तेव्हा चित्र असं दिसलं: नगांच्या घोळाची 20, उशिरा जीआरएनची 35, जुन्या दराची 40.

उशिरा जीआरएनची 80 वरून 35 झाली ती गोदामात त्या वर्षी स्कॅनर आले म्हणून. त्यात तिचा काही वाटा नव्हता. दराची 60 वरून 40 का झाली ते कोणालाच नक्की सांगता येईना. तिचं निखळ काम होतं 170 वरून 20. मी म्हटलं, एवढंच लिही. तिला ते पटेना, कारण '22 वरून 6 टक्के' हे सगळ्या विभागाचं चित्र होतं आणि कानाला मोठं लागत होतं.

पण विचार करा, पॅनलवर गोदामाचे प्रमुख बसलेले असले तर? त्यांना आपले स्कॅनर नक्की आठवणार. त्यांनी नुसतं "त्यात आमचे स्कॅनरपण होते" एवढं म्हटलं की सगळा आकडा ढासळतो आणि त्याबरोबर जे निखालस तिचं आहे तेही. उलट बायोतच 'उशिरा जीआरएनमधली घट गोदामातल्या स्कॅनरमुळे' असं लिहिलेलं असेल, तर तेच प्रमुख मान डोलावतात आणि पुढच्या आकड्यावर सहज विश्वास ठेवतात. दुसऱ्याचा वाटा स्वतःहून काढून ठेवणाऱ्या माणसाचा उरलेला आकडा सहसा कोणी तपासत नाही.

तुलनेचे महिनेही नीट निवडा. मार्चची तुलना मार्चशीच केली, कारण महिन्यामहिन्याला बिलांची संख्या बदलते. सोयीचा महिना उचलला तर तो ओळखू येतो. आणि शेवटी तिने अजून एक आकडा जोडला: नोव्हेंबर 2024 मध्ये नगांच्या घोळाची बिलं 18. काम टिकलं, हे एवढ्या एका आकड्याने सिद्ध झालं.

'मी', 'आम्ही' आणि 'त्यांनी'

टीमचं काम असेल तेव्हा दोन वाक्यं करा. पहिल्यात टीमने काय साधलं, दुसऱ्यात त्यातलं तुमचं काय. एकाच वाक्यात दोन्ही कोंबलं की 'आम्ही' आणि 'मी' यांची सरमिसळ होते आणि वाचणारा हमखास वाईट अर्थ काढतो.

तृतीयपुरुषी लिहायचं असेल तर मराठीत एक अवघडलेपण येतं. स्वतःलाच 'त्यांनी केलं', 'त्या बघतात' असं आदरार्थी लिहिताना हसू येतं. तरी तसंच लिहा, कारण पॅनलसाठी हा औपचारिक कागद आहे. फार खटकत असेल तर नाव किंवा पद एकदाच घ्या आणि पुढची वाक्यं शक्य तिथे कर्त्याशिवाय सुरू करा: 'बिलांची कारणनिहाय वर्गवारी केली', 'खरेदी विभागाला यादी दिली'. मराठीत हे सहज बसतं आणि कोणी केलं ते लपतही नाही. बायो इंग्रजीत मागितला असला तरी आधी मराठीत, बोलता तसं, लिहून काढा. इंग्रजीत सुरुवात केली की पोकळ क्रियापदं आपोआप गोळा होतात.

अडचणीच्या गोष्टी

मधे मोठी रजा झाली असेल, आजारपण, बाळंतपण काहीही, तर चोवीस महिने भरल्यासारखे दाखवण्याचा आटापिटा करू नका. कारण सांगायची गरज नाही. 'या काळात प्रत्यक्ष कामावर 17 महिने' एवढं लिहिलं की पॅनल तुमचं काम 17 महिन्यांच्या मापाने बघतं. ते न लिहिता काम विरळ दिसलं तर ते 24 च्या मापाने बघतं.

मधे टीम बदलली असेल तर आधीच्या मॅनेजरकडून आधीच्या कामाचे आकडे मेलवर पक्के करून घ्या. आत्ताच्या मॅनेजरला ते माहीत नसतात, आणि पॅनलने विचारल्यावर "मला कल्पना नाही" हे उत्तर नकारासारखंच ऐकू जातं.

फसलेलं काम घालावं का? मी म्हणेन, एखादं जरूर घाला, पण त्यात तुमचा निर्णय दिसत असेल तरच. माझ्या या सहकारीने बिलं आपोआप जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरची आठ आठवडे चाचणी घेतली होती. 600 बिलांपैकी 48 चुकीच्या ऑर्डरला जोडली गेली. तिने चाचणी थांबवण्याची शिफारस केली आणि ठरावीक रकमेच्या मासिक बिलांपुरतीच ती पुन्हा सुरू करायला सुचवलं. ती हे लपवणार होती. मला तो तिच्या कागदातला सगळ्यात प्रौढ भाग वाटला, कारण हौसेने सुरू केलेलं काम आकडे बघून थांबवणं ही वरच्या पदाची सवय आहे.

रोजचं काम बिनबोभाट चालू ठेवणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे 'आधी' आणि 'नंतर' नसतं. अशांनी भार किंवा गुंतागुंत काय वाढली आणि तरी काय घसरलं नाही ते सांगावं. माणसं तीच, बिलं दीडपट, मुदत एकदाही चुकली नाही. हे योगदानच आहे.

शेवटचा मसुदा

सगळं जुळवून तिचा बायो असा झाला. मधलं पद आणि विभाग तेवढे तुमचे घालून वाचा.

> व्हेंडर पेमेंट टीममध्ये सीनिअर एक्झिक्युटिव्ह, पाच वर्षांपासून. जानेवारी 2023 ते डिसेंबर 2024 या काळातली तीन कामं:
>
> मार्च 2023 मध्ये होल्डवर गेलेली 310 बिलं स्वतः तपासून कारणनिहाय वर्गवारी केली. त्यांपैकी 170 बिलं आयटम मास्टरमधल्या खोके आणि नग यांच्या चुकीच्या हिशेबामुळे अडकल्याचं दाखवून दिलं. सर्वाधिक अडथळा आणणाऱ्या 40 आयटमांची यादी खरेदी विभागाकडे नेली. त्या विभागाने हे आणि पुढे उरलेले 200 आयटम दुरुस्त केले. या कारणाने अडकणारी बिलं मार्च 2024 मध्ये 20 वर आली. याच काळात उशिरा येणाऱ्या जीआरएनमध्ये झालेली घट गोदामातल्या स्कॅनरमुळे आहे. नवीन आयटम उघडताना हा हिशेब भरणं सक्तीचं करण्याची सूचना आयटीने नोव्हेंबर 2023 मध्ये अमलात आणली. नोव्हेंबर 2024 मध्ये अशी बिलं 18 होती.
>
> बिलांच्या स्वयंचलित जुळणीची आठ आठवड्यांची चाचणी चालवली. 600 पैकी 48 बिलं चुकीच्या ऑर्डरला जोडली गेल्याने ती थांबवण्याची शिफारस केली. ठरावीक रकमेच्या मासिक बिलांपुरती ही जुळणी आता वापरात आहे.
>
> टीममध्ये नव्याने आलेल्या दोघांना महिनाअखेरचं काम शिकवलं. जुलै 2024 पासून ते दोघं हे काम स्वतंत्रपणे करतात आणि त्यांनी तयार केलेली कामाची टिपणं आता टीम वापरते.
>
> याखेरीज वार्षिक ऑडिटसाठी व्हेंडर बिलांची कागदपत्रं दोन्ही वर्षी तयार केली.

यात 'कष्टाळू', 'ध्येयनिष्ठ', 'उत्कृष्ट संवादकौशल्य' असे शब्द कुठेही नाहीत, ते मुद्दामच. पॅनलला ते वाचून काही कळत नाही. पाच वर्षांचा अनुभव एका वाक्यात उरकला आहे. शिकवलेल्या दोघांच्या टिपणांचं श्रेय त्यांनाच दिलं आहे, आणि तरी ते शिक्षकाच्याही बाजूने बोलतं. ऑडिटचं काम तिला सगळ्यात जड गेलं होतं, पण तिन्ही प्रश्नांवर ते टिकलं नाही म्हणून ते शेवटच्या ओळीत गेलं. त्यावर ती दोन दिवस माझ्यावर नाराज होती.

पाठवण्याआधी

दुसऱ्या विभागातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला बायो एकदा वाचायला द्या. मग कागद काढून घ्या आणि विचारा, "काय काय केलं मी?" तो जे सांगेल तेच पॅनलच्या खोलीत बोललं जाणार. त्याने 'बिलांचं काहीतरी सुधारलं' असं सांगितलं तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहा. तिच्या बाबतीत पहिल्या खेपेला असंच झालं. पहिल्या परिच्छेदात तिने थ्री-वे मॅच, टॉलरन्स, मास्टर डेटा असे शब्द वापरले होते आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नव्हतं. 'खोके आणि नग' आल्यावर त्याला लगेच कळलं.

प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलने 'कशावरून?' लिहा आणि त्याचा पुरावा कुठे आहे ते शेजारी नोंदवा: कोणता अहवाल, कोणत्या तारखेचा मेल. ही यादी बायोबरोबर जोडायची नाही. पॅनलने मुलाखतीला बोलावलं तर उत्तर देताना ती तुमच्याजवळ असावी. ज्या वाक्याला पुरावा सापडत नाही ते काढून टाका किंवा मवाळ करा.

ज्यांच्या विभागांची नावं आली आहेत त्यांना ती वाक्यं आधी दाखवा. खरेदी विभागाच्या प्रमुखांना तिने ती दोन वाक्यं मेलवर पाठवली. त्यांनी '240' ऐवजी '40 आणि पुढे 200' असं लिहायला सुचवलं, कारण दुसरा टप्पा त्यांच्या माणसांनी आपणहून केला होता. बदल रास्त होता. शिवाय पॅनलपैकी कोणी त्यांना विचारलंच, तर त्यांचं उत्तर तयार होतं.

आणि सगळ्यात शेवटी मॅनेजरशी आकडे जुळवा. मॅनेजर तुमच्यासाठी वेगळं शिफारसपत्र लिहितो आणि बहुधा आठवेल तो आकडा टाकतो. तिच्या मॅनेजरने सवयीने '22 वरून 6 टक्के' लिहिलंच होतं. दोन्ही कागद पॅनलपुढे शेजारी शेजारी ठेवले जातात. एकात 170 वरून 20 आणि दुसऱ्यात 22 वरून 6 टक्के दिसलं, तर बैठकीचा वेळ तुमच्या कामावर न जाता कोणता आकडा खरा यावर जातो. तिने बायोची अंतिम प्रत मॅनेजरला शिफारसपत्राच्या मुदतीच्या चार दिवस आधी दिली, आणि त्याने आपल्या पत्रातलं ते वाक्य बदललं.